शेजारणीचा करंडा

आईच्या पेटीतला पितळी करंडा उघडला आणि जुन्या मेणाचा वास आला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला वडील आणि शेजारचे काका बरोबरच गेले होते. गोळीबार झाल्याचं लालबागच्या आमच्या चाळीत कळलं, आणि दोघांचा पत्ता नव्हता. दिवेलागणीला आईने सवयीने तोंड धुऊन जुनं कुंकू पुसलं, आणि मेणाची डबी उघडली तर रिकामी. मेणाशिवाय कुंकू कपाळावर ठरत नाही. ती फळीवर मेण शोधत होती, तेवढ्यात काकू दारात आल्या. आईचं मोकळं कपाळ पाहून त्यांनी हंबरडाच फोडला. सगळी चाळ धावली. "काय झाला नाय गो, मेण सपला," आई म्हणाली. काकू ओशाळल्या. स्वतःचा करंडा आणून त्यांनी आईच्या कपाळावर मेणाचा गोल घोटला, वर कुंकू दाबलं. "घोव घराक येयसर पुसू नको," नवरा घरी येईपर्यंत पुसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी वडील आले, एकटेच. काकांच्या तेराव्यानंतर काकूंनी करंडा आमच्या उंबऱ्यावर ठेवला. "माका आता ह्याचो काय उपेग?" आईने तो परत केला नाही, वापरलाही नाही. मेणावर काकूंच्या बोटाचा खळगा अजून तसाच आहे.