रिबिनीखालची अक्षरं

साकोलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लोक व्हॉट्सॲपवर आलेलं जुनं पोस्टर पाठवतात, "फक्त एवढं बदलून द्या ना ताई" म्हणतात आणि माझं टाळकं सरकतं. अशा पोस्टरमध्ये फोटो, रंग, अक्षरं सगळं एकमेकांत मुरून गेलेलं असतं. एक शब्द सुटा उचलता येत नाही, हे कितीदा सांगायचं!

त्या दुपारी सानगडीकडचे एक काका आले. पोरगा फौजेत निवडला गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी मोबाइलवर केलेलं पोस्टर त्यांनी दाखवलं. पोरगा हसत होता आणि वरच्या लाल लहरत्या रिबिनीवर 'हार्दिक अभिनंदन' होतं. रुजू व्हायच्या आधीच मोटारसायकलवरून पडून तो गेला. आता त्याच्या तेरवीसाठी त्याच रिबिनीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाहिजे होतं. नवीन करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. हे पोस्टर पोरानं डोळ्यानं पाहिलं होतं.

"पण जुने अक्षरं पुसू नका, बाई. वरून चिकटवा. खाली राहू द्या."

आमच्याकडे फ्लेक्सवर तारीख चुकली की वरून पट्टी चिकटवतात, तसंच त्यांना वाटत होतं. मी हो म्हटलं. रिबिनीचाच लाल रंग उचलला, घड्यांच्या गडद छटा जुळवल्या आणि वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या सुट्या थरावर, पट्टी आखून अभिनंदन झाकलं. मग पेन टूलनं रिबिनीच्या लाटेबरोबर रेघ ओढली, टाइप टूलनं त्या रेघेवर क्लिक केलं आणि टाइप केलं. अक्षरं लाटेवर चढली, पण मेली नीट बसतील तर शप्पथ! चढाच्या माथ्यावर शिरोरेषा फाटली, उताराच्या खळग्यात अक्षरं एकमेकांवर आदळली. बाक कमी केला, अक्षरं लहान केली. तरी फटी राहिल्याच, त्या बारीक रेघा ओढून सांधल्या. आधी कॉम्प्युटरचा राग आला, मग देवाचा.

काका शेजारी बसून बघत होते. त्यांच्यासाठी वरचे लेयर मी क्षणभर बंद केले. अभिनंदन पुन्हा दिसलं.

"हाये," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

छापताना सगळे थर परत एकच होतात, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

तेरवीला मी गेले तेव्हा फ्लेक्स अंगणातल्या मांडवाला बांधलेला होता. पंगत उठली होती. काका फ्लेक्सपाशी उभे राहून रिबिनीची कड नखानं खरवडत होते.

"निघत नाही का वो, बाई?"

"नाही काका. ते कॉम्प्युटरात आहे."

"मंग इथं खाली काय हाये?"

"काहीच नाही. नुसतं पांढरं."

त्यांनी मान हलवली, पण नख काढलं नाही.