थोरला स्क्रीन, धाकटा स्क्रीन

आमच्या भवानीनगरच्या घरात माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. एक ऑफिसनं दिलेला लॅपटॉप आणि दुसरा मी पुण्याहून एसटीनं मांडीवर घेऊन आणलेला मोठा मॉनिटर. आई त्यांना धाकटा आणि थोरला म्हणते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "एकाच मानसाला दोन टीव्ही कशाला लागत्यात गं?" मी मीटिंग, स्लाइड, चॅट असं बरंच समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी बघायचं एकीकडं आन् बोलायचं दुसरीकडं." इतकी नेमकी व्याख्या मला आमच्या ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितली नव्हती.

मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत आहे. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाच्या नळीत स्टेंट बसला तेव्हा घरून काम करण्याची परवानगी घेऊन इथं आले. मीटिंगमध्ये कुठल्या स्क्रीनवर काय ठेवायचं, हे मात्र मला इथं येऊन कुणी शिकवलं असेल तर आबांनीच.

सुरुवातीला मी थोरल्यावर कॉल ठेवायची. मोठा पडदा, मोठे चेहरे, छान वाटायचं. पण कॅमेरा लॅपटॉपवर, आणि मी बघणार उजवीकडच्या मॉनिटरकडे. त्यामुळे समोरच्यांना महिनाभर फक्त माझा डावा कान दिसत होता. आमच्या मॅडमनी एकदा विचारलंही, "तुझ्या खोलीत आणखी कोणी बसलंय का?" आबा दारातून जाताना थबकले. "पाव्हन्याशी बोलताना तोंड तिकडं? सोयरीक मोडशील अशानं."

आबा साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे ज्या मोठ्या भांड्यात रस आटून साखरेचा दाणा धरतो, त्या भांड्यासमोर आयुष्यभर उभे. मध्येच थोडा नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाला धरून दाणा बघायचा. त्यांनी माझ्या टेबलाकडे तसंच डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यातलं बदलतंय काय?"

"म्हणजे?"

"ही चित्रं तूच केलीस न्हवं? ती काय मीटिंगमधी बदलायची न्हाईत. बदलनार ती मानसं. मंग मानसं म्होरं ठेव. दाना बघायचा सोडून मी भिंतीवरचं क्यालेंडर बघत बसलो आस्तो तर?"

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. तेव्हापासून कॉल लॅपटॉपवर, बरोबर कॅमेऱ्याखाली. स्लाइड आणि सॉफ्टवेअर थोरल्यावर. दाखवताना मी सारखी स्लाइडवरून सॉफ्टवेअरवर उडी मारते, म्हणून एकेक खिडकी शेअर न करता थोरला अख्खाच शेअर करायचा. आणि चॅट धाकट्यावर, चेहऱ्यांच्या शेजारी. थोरल्यावर जे जे येईल ते सगळ्या जगाला दिसणार, तेव्हा खासगी काही तिकडे फिरकता कामा नये, हा नियम. लॅपटॉप डावीकडे, मॉनिटर उजवीकडे. हाताला सवय झाली आणि माझा कान पुन्हा घरातल्यांपुरता उरला.

आता खरी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना अजून कान गरम होतात. घरून काम करायचा अर्ज आमच्याकडे दर तीन महिन्यांनी भरावा लागतो. त्यात कारण निवडायचं असतं: वैद्यकीय, कौटुंबिक किंवा इतर. पहिल्यांदा मी वैद्यकीय निवडलं ते शंभर टक्के खरं होतं. पण आबा चार महिन्यांत ठणठणीत झाले. पहाटे चालायला जायला लागले, उसाला पाणी द्यायला लागले, माझ्यावर ओरडायलाही लागले. मी मात्र पुढे दीड वर्ष वैद्यकीयच निवडत राहिले. कारण मला परत जायचं नव्हतं. "मला इथं राहावंसं वाटतं" हे कारण त्या यादीत नव्हतं, आणि असतं तरी ते निवडायची लाज वाटली असती. चांगली नोकरी करणाऱ्या मुलीनं पुणं सोडून भवानीनगरला राहावंसं वाटून घेणं म्हणजे काय, असं माझं मलाच वाटायचं. इकडे आबा आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे, "मी चांगला हाय आता. जा तू पुन्याला." मी म्हणायची, "बघू."

नव्या अर्जाच्या खेपेला मॅडमनी सांगितलं होतं की परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर दाखवायचं काम मी करायचं, आणि ते झालं की माझा अर्ज पुढे न्यायचा की मला पुण्याला बोलवायचं ते ठरेल. दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या पाहुण्यांना खंडेनवमी कुठून माहीत असणार!

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि हत्याराला विश्रांती. विळा, खुरपं, कुदळ, शिलाई मशीन आणि अर्थात माझं टेबल. "दोन वाजेपर्यंत तुझं, पुढं माझं," असा आईशी तह करून मी अंघोळीला आणि जेवायला गेले. मीटिंगला दहा मिनिटं राहिली तेव्हा आले तर टेबल लख्ख पुसलेलं, झेंडूची फुलं, दोघांना हळदकुंकू. आणि थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे.

"आई, अदलाबदल का केलीस?"

"थोरला उजव्या हाताला नको व्हय? मानाचा हाय त्यो."

"उजव्याच हाताला होता की!"

"तुझ्या उजव्या. त्येच्या उजव्या हाताला धाकटा होता. देव आपल्याकडं तोंड करून बसतो, तवा त्येचा उजवा त्यो आपला डावा. येवढं बी कळंना?"

तारा परत काढून लावण्यात मीटिंग गेली असती. कर्सर हलवून पाहिला. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला खंडेनवमी ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी लॅपटॉप अजून डावीकडेच होता. त्यामुळे लॅपटॉपवरून उजवीकडे गेलं की कर्सर टेबलाच्या डाव्या टोकाला असलेल्या थोरल्यावर उगवत होता. ते सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं. पण म्हटलं राहू दे, लक्षात ठेवू. आळसाला मी आत्मविश्वास म्हणते, ही माझी जुनी खोड.

ग्राहक यायचे होते. तेवढ्यात पुण्यातल्या मैत्रिणीचा चॅट आला, "आबांची तब्येत कशी आहे?" मी लिहिलं, "एकदम ठणठणीत. उसाला पाणी द्यायला गेलेत. फॉर्मवर आजारी, शेतात पैलवान! खरं सांगू? मलाच इथून हलायचं नाहीये." तिनं हसरे चेहरे पाठवले आणि पाहुणे आले, सोबत मॅडमही.

अर्धा तास झकास गेला. मी थोरला शेअर केला, गोदामातला माल आत कसा येतो, बाहेर कसा जातो, सगळं दाखवलं. बोलताना चेहऱ्यांकडे बघत होते. मध्येच चॅटची खिडकी एका पाहुण्याच्या चेहऱ्यावर बसलीय असं दिसलं. म्हणून ती धरली आणि बाजूला सारली, थोरल्यापासून लांब, म्हणजे उजवीकडे. ती कडेनं नाहीशी झाली. बरं झालं, गेली एकदाची, असं म्हणून मी पुढे बोलत राहिले.

आबांनी सांगितल्याप्रमाणे माझं लक्ष माणसांवर होतं, म्हणून मला दाणा बदलताना दिसला. मॅडमचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. मग एक ओळ खाली. पुन्हा डावीकडून उजवीकडे. त्या काहीतरी वाचत होत्या आणि माझ्या स्लाइडवर तर नुसतं चित्र होतं.

मी मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. माझं पैलवानाचं वाक्य गोदामाच्या चित्रावर ऐसपैस बसलं होतं.

खिडकी बंद करायला कर्सर सापडेना. तेवढ्यात पाहुण्यांतले वयस्कर गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "वा, फार सुंदर लिपी आहे. तुमचं सॉफ्टवेअर या भाषेतही चालतं का?"

मग मॅडम अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "लवकरच चालेल."

मीटिंग संपली, पाहुणे खूश होऊन गेले, आणि पाचच मिनिटांत मॅडमचा कॉल. त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "पैलवान कुठे आहेत?"

मी रडायच्या बेतात. म्हटलं, "मॅडम, सुरुवातीला खरंच आजारी होते."

"ते मला माहीत आहे. फुलं पाठवली होती मी. पण नंतरच्या प्रत्येक अर्जावर मी सही केलीय, आणि ती खोट्यावर केलीय. मला राग त्याचा आहे." मग त्या म्हणाल्या, "मी तुला आबांसाठी राहू दिलं असं वाटतं का तुला? तुझं काम बिघडलं नाही म्हणून राहू दिलं. आता नवा अर्ज उघड. शेअर कर, आणि खरं कारण माझ्यासमोर लिही. आणि फक्त अर्जाचीच खिडकी शेअर कर बाई, पूर्ण स्क्रीन नको!"

मी अर्ज उघडला. "इतर" निवडलं. खाली रिकामी चौकट होती. मी लिहिलं, "माझ्या मर्जीनं. मला इथं राहायला आवडतं." एवढी दोन वाक्यं लिहायला मला दीड वर्ष लागलं होतं. मॅडमनी ती वाचली, म्हणाल्या, "हे मला वरच्यांना समजावता येईल," आणि सही केली.

कॉल बंद करून वळले तर दारात आबा उभे. पायांना चिखल, हातात फावडं, आईची खंडेनवमी धाब्यावर बसवून आलेले. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं, आता शब्दांचे बाण सुटणार. मी यांना दीड वर्ष कागदावर आजारी ठेवलं होतं.

"म्हंजी तू माझ्यासाठनं थांबली न्हाईस व्हय?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घालून म्हटलं, "नाही आबा. पहिले चार महिने तेवढे."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि खाली बसले. एवढा मोकळा झालेला चेहरा ते दवाखान्यातून घरी आले त्या दिवशीही मी पाहिला नव्हता. तेव्हा मला कळलं की दर आठवड्याला "जा तू पुन्याला" म्हणणारा माणूस मला घालवत नव्हता. आपल्यापायी पोरीचं अडलंय, या ओझ्याखाली तो दीड वर्ष चालत होता, आणि खरं बोलून ते उतरवणं माझ्या हातात होतं. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आलं, कारण ते आता आईला हाक मारून सांगत होते:

"आगं, ऐकलंस का? ही तिच्या मर्जीनं हाय हितं! आता मी बिनघोर आजारी पडाय मोकळा!"