हात वर, तोंड बंद

दादाचं लग्न ठरलं तेव्हा आई माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "मुलगी गुणाची आहे गं, फक्त आवाज जरा मोठा आहे." मी म्हटलं, असू दे, शाळेत शिकवते, तिला आवाज लागणारच. पुढे माझी बदली वहिनीच्याच शाळेत झाली आणि तिच्या शेजारचाच वर्ग मिळाला. मग कळलं, आईने 'जरा' हा शब्द फार स्वस्तात वापरला होता. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत. माझ्या तिसरीतली पोरं तिच्या दुसरीतले पाढे पाठ म्हणायची आणि माझे विसरायची.

तिच्या वर्गात सत्तरच्या वर पोरं. बाकावर तिघं-चौघं, उरलेली खाली सतरंजीवर. बोळातून जाताना बाजार भरल्यासारखं वाटायचं. त्या सगळ्यांच्या वरून वहिनी ओरडायची. पाच वर्षं ओरडली. मग एके दिवशी सकाळी चहा मागताना तिच्या घशातून आवाज येईना. आला तो फाटक्या पिपाणीसारखा. दादा म्हणाला, "सर्दी असेल." नवऱ्यांना सगळं सर्दीच वाटतं.

घशाच्या डॉक्टरांनी नळीतून आत पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. ओरडणं बंद. कुजबुजणंही नको, त्यानेसुद्धा ताण पडतो. साध्या, हळू आवाजात बोला, पाणी पीत राहा. नाही ऐकलंत तर आवाज कायमचा बिघडेल.

"डॉक्टर, माझ्याकडे सत्तर मुलं आहेत," वहिनी म्हणाली.

"मग दुसरं काहीतरी शोधा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसरं काय शोधायचं? मी कायम नोकरीत, वहिनी कंत्राटावर. वर्ष संपलं की हेडसर शेरा लिहिणार आणि त्यावर पुढचं वर्ष ठरणार. आवाज गेला म्हणजे वर्ग गेला, इतका सरळ हिशेब होता. घरात कुणी तो बोलून दाखवत नव्हतं, पण पोळी लाटतानासुद्धा वहिनीच्या कपाळावर तो दिसायचा.

आधी तिने छोटी पितळी घंटी आणली. ठण्ण करून वाजवायची आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी कान देऊन ऐकायचं, अशी कल्पना. तिची पोरं खरंच ऐकायला लागली. पण प्लायवूडपलीकडे माझ्या पोरांना वाटलं मधली सुट्टी झाली. डबे उघडले गेले, दोघं पार नळापर्यंत पोहोचले. मी घंटी जप्त केली.

मग टाळ्या. ती दोन सावकाश आणि तीन भरभर वाजवणार, पोरांनी तशाच वाजवून उत्तर द्यायचं आणि गप्प व्हायचं. चांगली युक्ती आहे, मी नावं ठेवत नाही. पण भिंतीपलीकडून माझा वर्गही उत्तर द्यायला लागला. भागाकार अर्धवट सोडून साठ पोरं टाळ्या वाजवतायत आणि मी खडू घेऊन उभी! शिवाय वहिनीला त्या टाळ्या इतक्या आवडल्या की पाच-पाच मिनिटांनी वाजवायची. आठवड्याभरात पोरं टाळ्याही वाजवायची आणि बोलतही राहायची. खूण फार वापरली की तिचा गोंगाटच होतो, हे तिला तेव्हा कळलं.

त्यानंतर दादाने अक्कल पाजळली. मोबाईलवर आवाज मोजणारं काहीतरी उतरवून दिलं. गोंगाट वाढला की पडद्यावर रंगीत चेंडू उड्या मारतात, शांतता झाली की खाली बसतात. वहिनीने मोबाईल फळ्याला टेकवून ठेवला. वर्गात एक कार्टा होता, त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. त्याला दोन मिनिटांत शोध लागला की जितकं ओरडू तितके चेंडू उंच. मग काय विचारता! सगळा वर्ग चेंडू छतापर्यंत पोहोचवायच्या मागे. घरी आल्यावर वहिनी आणि मी पोट धरून हसलो. हसताना तिचा आवाज निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग हसू ओसरलं तशी ती म्हणाली, "आता काय करू गं?"

शेवटी तिने सगळ्यात साधी गोष्ट धरली. बाई हात वर करतील. ज्याला दिसेल त्याने आपला हात वर करायचा, तोंड बंद, हातातलं खाली, डोळे बाईंकडे. ज्याची पाठ असेल त्याला शेजाऱ्याचा हात दिसेल. आणि हे तिने गोंगाटात शिकवलं नाही. सकाळी पोरं ताजी असताना, धडा शिकवावा तसं शिकवलं. उभं राहून, बसून, चित्र काढता काढता, गप्पा मारता मारता, रोज थोडा वेळ. जमलं की "छान" म्हणायची, नाही जमलं की न चिडता पुन्हा. फळ्याशेजारी आवाजाची शिडी टांगली आणि तिला कपड्यांचा चिमटा लावला. सगळ्यात खाली गप्प, मग शेजाऱ्यापुरता आवाज, मग गटापुरता, मग सगळ्या वर्गासाठी, आणि सगळ्यात वर मैदानावरचा. काम सुरू करायच्या आधी चिमटा कुठे ते दाखवायचं, नंतर नाही.

खरी कसोटी होती ती थांबण्याची. शेवटचं पोर गप्प होईपर्यंत बाईंनी एक शब्द काढायचा नाही. अर्धा वर्ग बोलत असताना बाईंनी सुरुवात केली की पोरं शिकतात, बाई बोलत असताना बोललं तरी चालतं. मला हे जन्मात जमलं नसतं. वहिनी हात वर करून उभी राहायची, पहिल्या दिवसांत तिचा हात भरून यायचा. पण ती थांबली. दिवाळखोर माणसाकडे उरतो तेवढाच धीर तिच्याकडे होता, आणि तो तिने सगळा तिथे लावला.

आणि जमलं! हात वर गेला की पुढून मागे हात उगवत जायचे आणि सगळा वर्ग थांबायचा. मग वहिनी घरात बोलावं तशा आवाजात बोलायची आणि मागच्या सतरंजीवर ऐकू जायचं. भिंतीपलीकडे मला पंख्याचा आवाज येऊ लागला. तो पंखा इतका वाजतो हे मला तेव्हा समजलं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय, अशाच राहा. घरी दादाने शिरा केला. गिच्च झाला होता, तरी सगळ्यांनी खाल्ला.

पण आमचे हेडसर कानांनी शाळा चालवायचे. ऑफिसात बसून ज्या बाईंचा आवाज येतो त्या शिकवतायत, येत नाही त्या बसल्यात, असा त्यांचा जुना हिशेब. दोनदा ते खिडकीशी येऊन गेले. दोन्ही वेळा वहिनी हात वर करून मुकी उभी. सर तसेच माघारी गेले. मला वाटलं, बरं झालं. कसलं बरं!

दुसरीच्या दुसऱ्या तुकडीचे गुरुजी बदलून गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हेडसरांनी त्यांची पन्नासेक पोरं रांगेने आणून वहिनीच्या दारात उभी केली.

"सर, इथे कुठे बसवू?" वहिनी म्हणाली.

"बाई, सगळ्यात शांत वर्ग तुमचा. तुम्हालाच झेपेल."

काम करणाऱ्या बैलाच्याच मानेवर आणखी एक जू. मी भांडायला निघाले होते, वहिनीने माझा पदर धरला. म्हणाली, "आठ-दहा दिवस दे मला. शिकवीन त्यांनाही."

तिला ते मिळाले असते तर तिने शिकवलंही असतं, यावर माझा आजही विश्वास आहे. पण त्या गुरुजींच्या पोरांना टेबलावर पट्टी आपटली की गप्प व्हायचं एवढंच माहीत. वर गेलेला हात त्यांच्या लेखी नुसता हात. आणि सकाळचा निवांत वेळ आता उरलाच नव्हता. दप्तरं ठेवायला जागा नाही, दारात पोरं, खिडकीत पोरं.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. वहिनीने हात वर केला असणार, कारण तिच्या जुन्या पोरांची बाजू शांत झाली. नवी बोलतच होती. मग जुन्यांना मदत करायचा उमाळा आला. भोंगा बाकावर चढला आणि ओरडला, "ए, गप्प बसा! हात वर करा!" एका मुलीने ओरडून सांगितलं, "बाई थांबल्यात ना!" मग सगळीच एकमेकांना गप्प करायला लागली. शांत बसा, शांत बसा म्हणून शंभराच्या वर पोरं किंचाळतायत. मी वर्ग सोडून तिच्या दारात गेले. ती हात वर करून उभी होती. डोळ्यांत पाणी. खिडकीतून दोन पोरं बाहेर लोंबकळत होती, एकाचा पाय सुटला होता.

वहिनी ओरडली.

गाठी येण्याआधीचा तिचा आवाज, तोच, एकदाच. मध्येच तुटला. सगळी एका क्षणात गप्प झाली. खिडकीतलं पोर आत आलं. त्यानंतर तिने तोंड उघडलं तेव्हा नुसती हवा आली.

दुपारी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. हेडसर खुशीत होते. "आज आवाज आला बाई तुमचा इथपर्यंत! मी म्हटलं, आता कशा बाई शिकवतायत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्यातर्फे मी बोलले, आणि जे तोंडाला आलं ते बोलले. हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली. म्हणाले, "मग विश्रांती घ्या. पण वर्ग रिकामा ठेवता येत नाही, बाई. वर कळवावं लागेल." त्यांच्याही हातात काही नव्हतं. रागवायला एक माणूस हवा असतो, तोही मला धड मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मधली प्लायवूड काढली आणि तिचा वर्ग माझ्या वर्गाला जोडला. मी आत गेले तर समोर सतरंजीवर तिची जुनी पोरं बसलेली, हात वर, तोंड बंद, डोळे माझ्याकडे. मी काहीच खूण केली नव्हती. भोंगासुद्धा तसाच. रोज पेन्सिल हरवणारी एक बारकी होती, ती हात खाली न करता हळू म्हणाली, "आम्ही काल ओरडलो म्हणून बाईंचा आवाज गेला ना? आता आम्ही असेच बसलो तर येतील?"

मागे नव्यांची मारामारी जुंपली होती, माझी तिसरी बाकावर उभी होती. मी हात वर केला. थोडा वेळ थांबले, मला जमेल तेवढा. मग ओरडले, आणि पुढच्या पोरांनी एकेक करून हात खाली घेतले.