मांडीचं माप

मीरा रोडच्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ आहे. आयसीयूतल्या पेशंटला नळीतून काय आणि किती द्यायचं, हे मी सुचवायचे आणि डॉक्टर मान डोलवायचे. मग ती आली. माझ्यासारखीच आहारतज्ज्ञ, वयाने खूप लहान, पण सोनोग्राफीच्या मशीनवर स्नायू मोजायला शिकून आलेली. थोड्याच दिवसांत राउंडला डॉक्टर माझ्या खांद्यावरून तिलाच विचारू लागले, "काय वाटतं?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तेव्हा जवळच्या मुर्धा गावचे एक आजोबा न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. तरुणपणी मिठागरात राबलेले. अंगात पाणी साठून हातपाय सुजले होते, वजन उलट वाढलं होतं. आजींनी मला विचारलं, "अंग भरलंय त्यांचं, न्हाय?"

"सूज आहे ती, आजी."

सुजेखाली काय चाललंय, ते मात्र माझ्या टेपला सांगता येत नव्हतं, वजनकाट्यालाही नाही.

त्या नव्या मुलीला येत होतं. कमरेच्या पुढच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत तिने टेप धरली, मधोमध पेनाने खूण केली, भरपूर जेली घातली आणि मशीनचा प्रोब आडवा ठेवला. स्क्रीनवर वर कातडी, मग चरबीचा थर, त्याखाली स्नायू आणि तळाशी मांडीच्या हाडाची पांढरी कमान.

"आले तेव्हापेक्षा स्नायू बराच पातळ झालाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "चरबीचा थर जाड दिसतोय, पण तो सुजेमुळे असेल. त्यावर मी विसंबणार नाही."

आपल्याला काय माहीत नाही, हेही ती इतकं छान सांगायची की मला आणखीच राग यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला गेल्यावर मी मशीन ओढलं. त्याच खुणेवर प्रोब ठेवला, मोजलं. स्नायू कालच्यापेक्षाही पातळ! एका दिवसात एवढा? म्हणजे कालचं तिचं माप चुकलं होतं. मला झालेला आनंद काही विचारू नका.

ती परत आल्यावर मी प्रोब पुन्हा त्याच खुणेवर धरून तिला आकडा दाखवला. तिने स्क्रीन पाहिली.

"ताई, दाबलंत तुम्ही. चरबी आणि स्नायू दोन्ही चेपलेत. प्रोब जेलीवर नुसता टेकवायचा."

तिने माझं मनगट धरून किंचित वर उचललं. चित्र फुगलं, माप कालच्या जवळ आलं. सिस्टर बघत होत्या. माझे कान तापले.

डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली. नळीतल्या आहाराचा नवा हिशोब मीच बसवला. फिजिओथेरपिस्टने पलंगावरच पाय हलवायला घेतले. सूज उतरली, व्हेंटिलेटर निघाला आणि पुढे आजोबा वॉकर धरून उभे राहिले. आजींनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे पाहून त्या फक्त हसल्या.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "दंडाचं कसं मोजतात, दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."