निरोपाचं वाक्य

शिरूरच्या कॉल सेंटरमध्ये मोबाइल कंपनीची चॅटवरची सलगीची इंग्रजी वाक्यं फोनसाठी अदबशीर मराठीत आणणं, हे माझं काम. नंबर बंद करणाऱ्यासाठी मूळ वाक्य होतं, ‘सॉरी टू सी यू गो, कम बॅक सून!’ मी लिहिलं, ‘आपण जात आहात याचे वाईट वाटते. लवकर परत यावे, ही विनंती.’

एकदा मी शेजारी बसणाऱ्या मुलीचा कॉल ऐकत होते. दौंडच्या एका बाईंनी नवऱ्याचा नंबर बंद करायला सांगितला. मुलीनं माझं वाक्य वाचलं.

“पोरी, ते वारले गं,” बाई म्हणाल्या. “आता कुठनं परत येत्याल?”

मी मुलीचा हेडसेट घेतला आणि बाईंची माफी मागितली.

त्याच दुपारी मी ते वाक्य खोडलं आणि आधी कारण विचारायचं, असं लिहिलं.

“हे इंग्रजीत नाही,” साहेब म्हणाले.

मी त्यांना तो कॉल ऐकवला. त्यांनी मंजुरी दिली.