गेटवरचा शिक्का

आमची फर्म मोडून कंपनी झाली त्याला सहा वर्षं झाली. माल घेणाऱ्या पार्टीने शब्द फिरवला आणि आम्ही बुडालो, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नव्हतं.

सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत आमचं शेड होतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचो. भागीदार दोनच. एक मी, रत्नागिरीकडून नोकरीसाठी आलेला आणि कागदपत्रांत रमणारा. दुसरे दादा, धुळ्याचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ते मशीनवर हेल्पर म्हणून आले आणि पुढे मशीनचे मालक झाले. मशीनच्या आवाजावरून कुठला मोल्ड, म्हणजे झाकणाचा साचा, गरम झालाय ते सांगायचे. कागदावर मात्र मी बोट ठेवीन तिथे सही करायचे. "वाचा तरी," म्हटलं की म्हणायचे, "भाऊ, तू वाचलंस ना? मग दोनदा कशाला डोळे फोडायचे?"

नव्या मशीनसाठी कर्ज हवं होतं. बँकेचं म्हणणं, आधी प्रायव्हेट लिमिटेड व्हा, मग बघू. दादांनी मनावर घेतलं. आमचे सीए वापीहून आले आणि टेबलावर कागद पसरून समजावू लागले. आधी नाव मिळवायचं. दोघांची लेखी संमती आणि बँकेचं ना-हरकत पत्र घ्यायचं. एका इंग्रजी आणि एका गुजराती पेपरात जाहिरात देऊन हरकतींसाठी एकवीस दिवस थांबायचं. मग मालमत्ता आणि देण्यांचा प्रमाणित तक्ता जोडून अर्ज. ज्या दिवशी नोंदणीचा दाखला येईल त्या दिवशी फर्मचं सगळं, मशिनरी, माल, येणं-देणं, आपोआप कंपनीचं होईल. वेगळं खरेदीखत लागत नाही.

"म्हणजे काही विकायचं नाही?" दादांनी विचारलं.

"काही नाही. फक्त अंगावरचा सदरा बदलायचा. आणि दादा, भागीदार गेला की फर्म मोडू शकते, कंपनी मात्र मरत नाही."

"मग आम्ही मेलो तरी आमच्या नावाने झाकणं निघत राहतील म्हणा!" दादा हसले.

मग सीए माझ्याकडे वळले. पॅन नवा, जीएसटी नवा. वीजमीटर, कारखान्याचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, टेम्पोचं आरसी बुक, सगळीकडे नाव बदलायचं. "आणि पार्टीचा करार नीट बघा. कायद्याने करार कंपनीकडे येतो. पण त्यात जर लिहिलं असेल की फर्मचं स्वरूप बदलण्याआधी लेखी संमती घ्या, आणि ती घेतली नाही, तर त्यांना करार संपवायचा हक्क मिळतो."

पार्टी म्हणजे औषधांची मोठी कंपनी. आमच्या दहातली नऊ झाकणं त्यांच्याकडे जायची. करारात तसं कलम होतं. मला ते पाठ होतं.

संमतीचं पत्र घेऊन मीच गेलो. त्यांच्या खरेदी विभागाच्या मॅडमची मला भीती वाटायची, हे आता लिहायला हरकत नाही. मागच्या वर्षी दर वाढवून मागितला तेव्हा चार लोकांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला बोलता येत नाही तर तुमच्या दादांना पाठवत जा." आता संमती मागितली तर त्या पुन्हा दर काढतील, कागद मुंबईच्या ऑफिसला जाईल, महिने जातील. मी गेटवर बसलो. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. तासाभराने गेटवरचा क्लार्क म्हणाला, "अंकल, देना है तो दे दो, इनवर्ड मार देता हूँ." त्याने माझ्या प्रतीवर पत्र मिळाल्याचा शिक्का मारला आणि सही केली. मला सुटल्यासारखं झालं.

शिक्क्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेलं होतं: मजकूर न तपासता स्वीकारले. मी ती ओळ वाचली. मग प्रत बरोबर त्या ओळीवर दुमडली आणि फाइलला लावली.

सीएंचा फोन आला. "पार्टीची संमती आली?"

"आली," मी म्हणालो.

दादा समोरच होते. "आली का? बरं झालं," म्हणाले आणि मशीनकडे गेले. पुढे मॅडमना एक फोन करणं जमलं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज करू. आणि जसजसे दिवस गेले तसतसा तो फोन म्हणजे आपण खोटं बोललो हे कबूल करणंच होऊन बसलं.

दाखला आला. दादांनी शेडमध्ये नारळ फोडला, कामगारांना जिलेबी वाटली. कर्ज मिळालं, नवं मशीन आलं. कंपनीच्या नावाचं पहिलं बिल पार्टीकडे गेलं आणि आठवड्यात परत आलं. वर शेरा: या नावाचा, या जीएसटीचा पुरवठादार आमच्याकडे नाही. पाठोपाठ पत्र आलं: पूर्वसंमतीविना स्वरूप बदलल्यामुळे करारातल्या कलमानुसार तीस दिवसांनी करार संपुष्टात. त्यांना वापीत स्वस्तात करून देणारा मिळाला होता. बहाणा हवा होता, तो मी हातात दिला.

दादा एकटेच मॅडमना भेटायला गेले. मी पोटाचं निमित्त केलं. संध्याकाळी परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "नाही ऐकत, भाऊ."

मोल्ड पार्टीच्या मालकीचे होते. कंपनीकडे जे आपोआप आलं त्यात ते नव्हतेच. त्यांचा टेम्पो आला तेव्हा दादांनी प्रत्येक मोल्ड स्वतः पुसला, तेल लावलं, मगच उचलू दिला. कामगार बहुतेक शिरपूर-साक्रीकडचे. दोन महिन्यांत पांगले. नवं मशीन निम्म्या किमतीत गेलं. उरलेलं कर्ज फेडायला दादांनी सिल्वासाजवळच्या खेरडीतली जमीन विकली. मी माझा फ्लॅट विकला. त्याने माझं ओझं हलकं झालं नाही.

दादा आता जवळच अथालला दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. बासष्टाव्या वर्षी. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. कंपनीत आता काहीच नाही, तरी दरवर्षी तिचे कागद भरावे लागतात. नोंदणीतून नाव काढायच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागत होत्या. त्या कागदांबरोबर ती जुनी प्रतही नेली. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ती त्यांच्यासमोर उलगडली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हा गेटवरचा शिक्का आहे."

"हो."

"संमती नव्हतीच."

"नव्हती, दादा."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "मी त्या बाईपुढे हात जोडले होते. म्हटलं, मॅडम, तुम्ही संमती दिलीये, माझा भागीदार खोटं बोलत नाही, तुमच्या फायलीत शोधा. तिने माझ्यासमोर शोधायला लावलं. सगळे हसत होते. मला वाटलं, कागद गायब करून हसताहेत."

माफीचा शब्द येताना ठरवून आणला होता, तो निघाला नाही.

"रागवा तरी," शेवटी म्हणालो.

"आता काय रागवू? शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली." मग माझ्या पिशवीकडे बोट केलं. "सह्यांचं काय म्हणत होतास?"

मी अर्ज, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र समोर ठेवलं. सवयीने सहीच्या जागी बोट ठेवलं.

त्यांनी माझं बोट बाजूला केलं. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, ओठ हलवत, शब्दाखाली नख फिरवत. आत भोंगा झाला. ते उठले नाहीत. पान संपलं की उलटून मागची बाजूही पाहायचे, बारीक अक्षरात काही छापलंय का ते. चहा गार झाला. मी बसून राहिलो.