पाच टोपणनावांचे आभार

संपादकबाईंनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते छापखान्याच्या जिन्यात. अंकाची दोन पानं रिकामी राहिली होती आणि तो उभ्याउभ्या मजकूर लिहून देत होता. मासिक नवं, लेखक मोजके. एकच नाव अंकात चारदा दिसलं तर वाचक हसतील, म्हणून बाईंनी वर्षभर त्याचे लेख पाच टोपणनावांनी छापले.

वर्षअखेरीच्या संपादकीयात त्यांनी बाहेरून लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार मानले. नावं अनुक्रमणिकांवरून उतरवली होती. त्यामुळे पाचही टोपणनावं आली. त्याचं खरं नाव कुठेच नव्हतं.

तो अंक घेऊन कचेरीत आला. "बाई, पाचही भाऊ मार्गी लागले. मीच तेवढा राहिलो."

"पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ रे."

"मग ते पाच जण कोण, हे वाचकांना काय सांगाल?"

बाईंनी टेबलावरचे वर्षभराचे अंक पुढे ओढले.

"घरी अण्णांना दाखवणार होतो. त्यांना वाटतं, मी वर्षभर नुसता उंडारलो."

अंक टेबलावर ठेवून तो निघाला. बाईंनी त्याला थांबवलं नाही.

हल्ली तो एका गोदामात माल उतरवून घेतो. लिहिणं त्याने सोडलं आहे.